उतार सपाट करणारा रेटा

लाकडाची एक पाचर घ्या. तिची उभी पाठ ३० सेंटिमीटर उंच, पाया ४० सेंटिमीटर लांब आणि उतार ५० सेंटिमीटरचा. पाठ उजवीकडे आहे, पातळ धार डावीकडे आहे, म्हणजे उतार उजवीकडून डावीकडे खाली जातो. पाचरीचे वस्तुमान ६ किलो. उताराच्या बरोबर मध्यावर २ किलोचा एक ठोकळा ठेवला आहे. पाचर आणि जमीन यांच्यात घर्षण नाही, ठोकळा आणि उतार यांच्यातही नाही. ठोकळ्याला दोरी नाही, खिळा नाही, खाली अडणीही नाही. आता पाचरीच्या पाठीवर हात ठेवून तिला आडवे, डावीकडे रेटायचे आहे. किती जोराने रेटले तर ठोकळा उतारावर आहे तिथेच राहील?

अकरावीच्या भौतिकशास्त्रात आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षांत हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो. बहुतेक विद्यार्थी F = (M + m) g tan θ असे सूत्र पाठ करून मोकळे होतात. पण सूत्रापेक्षा प्रश्नातला पेच अधिक रंजक आहे. ठोकळ्याला कोणी वर ओढत नाही. हात लागतो तो पाचरीला, तोही आडवा. मग वरखालीच्या भांडणात हा आडवा रेटा ठोकळ्याची बाजू कशी घेतो?

आधी रेटलेच नाही तर काय होते ते पाहू. ठोकळा डावीकडे खाली घसरतो हे उघड आहे. पण पाचरही जागेवर राहत नाही, ती उजवीकडे सरकते. ठोकळा उतारावर दाब देतो, हा दाब उताराला काटकोनात असतो, आणि त्याचा काही भाग पाचरीला मागे, उजवीकडे ढकलतो. जमीन गुळगुळीत असल्यामुळे पाचरीला थोपवणारे काहीच नाही. आपल्या आकड्यांनी हिशेब केला तर पाचर १.४ मी/से² त्वरणाने मागे जाते, म्हणजे तिचा वेग दर सेकंदाला सेकंदाला १.४ मीटर इतका वाढत जातो.

पाचर नुसती जागेवर धरून ठेवायची तरी हाताला डावीकडे सुमारे ९.४ न्यूटन जोर लावावा लागतो. ढोबळमानाने १ किलो वजन उचलून धरायला ९.८ न्यूटन लागतात, तेव्हा हा जोर काही फार नाही. पण त्याने फक्त पाचर थांबते, ठोकळा घसरतच राहतो. ठोकळ्याला थांबवायचे तर पाचरीला डावीकडे नुसते धरून चालत नाही, तिला सतत वेग देत राहावे लागते. एकदा ढकलून सोडून देण्याचाही उपयोग नाही. हात काढला की पाचर पुढे जात राहील, पण तिचा वेग वाढायचा थांबून उलट कमी होऊ लागेल आणि ठोकळा पुन्हा घसरू लागेल. रेटा अखंड हवा आणि सारखा हवा.

दिशेचा घोळही इथेच मिटवून टाकू. पाचर ठोकळ्याकडे, म्हणजे उतार ज्या बाजूला खाली जातो त्या बाजूला रेटायची. उलट, पातळ धारेकडून पाठीकडे रेटली तर उतार ठोकळ्याखालून निसटू लागतो आणि ठोकळा आणखी लवकर खाली येतो.

आता मुख्य हिशेब. तो करायचे दोन मार्ग आहेत आणि ते दोन वेगवेगळ्या माणसांचे आहेत. एक माणूस जमिनीवर उभा आहे. दुसरा पाचरीवरच बसला आहे, आणि पाचरीबरोबर त्याचाही वेग वाढतो आहे. जमिनीवरच्या माणसाला ठोकळा डावीकडे वेगाने पळताना दिसतो. पाचरीवरच्या माणसाला तो समोर स्थिर दिसतो. ठोकळा तोच, पण एकाच्या लेखी त्याला त्वरण आहे, दुसऱ्याच्या लेखी नाही.

न्यूटनचे नियम पहिल्या माणसाच्या बाजूने आहेत. बल आणि त्वरण यांची सांगड घालणारा दुसरा नियम स्थिर किंवा एकसमान वेगाने जाणाऱ्या निरीक्षकासाठी लिहिलेला आहे. ज्याचा स्वतःचाच वेग बदलतो आहे अशा निरीक्षकाने तो जसाच्या तसा वापरला की गणित जुळत नाही. एसटीत दांडी न धरता उभे राहिलेल्या प्रवाशाला याचा अनुभव असतो. गाडी सुटली की तो मागे फेकला जातो. त्याला मागे कोणीही ढकललेले नसते, गाडी त्याच्या पायांखालून पुढे निघालेली असते इतकेच. पण गाडीच्या आत बसून जगाकडे पाहणाऱ्याला मात्र उभे माणूस कारणाशिवाय मागे जाताना दिसते.

या निरीक्षकाला न्यूटनचा नियम वापरता यावा म्हणून हिशेबात एक जादा बल धरतात. त्याला छद्म बल म्हणतात. क्लासमध्ये सर्रास ‘सूडो फोर्स’ हा शब्द चालतो. त्याचा नियम छोटा आहे. निरीक्षकाची चौकट ज्या त्वरणाने जाते आहे ते त्वरण गुणिले वस्तूचे वस्तुमान एवढे बल, चौकटीच्या त्वरणाच्या उलट दिशेने लावायचे. ते लावले की वेग बदलणाऱ्या चौकटीतही बाकी सगळे नियम नेहमीसारखे चालतात. हालत्या वस्तूचा प्रश्न असा स्थिर वस्तूच्या समतोलाचा करून सोडवण्याची रीत फ्रेंच गणितज्ञ दालांबेर याने १७४३ साली गतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात मांडली. छद्म बलाची युक्ती त्याच विचाराच्या पोटातली आहे.

हे बल हिशेबातले आहे, पण मन मानेल तसे वापरता येत नाही. त्याचे दोन निर्बंध लक्षात ठेवायला हवेत. एक, ते कोणत्याही दुसऱ्या वस्तूने लावलेले नसते, म्हणून न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली प्रतिक्रिया त्याला नाही. ठोकळ्यावर उजवीकडे छद्म बल दाखवले म्हणून पाचरीवर डावीकडे तेवढेच बल दाखवणे चूक ठरते. दोन, ते फक्त पाचरीवर बसलेल्या माणसाच्या वहीत येते. जमिनीवरच्या माणसाने ते लिहायचे नाही. ठोकळ्याला त्वरणही द्यायचे आणि वर छद्म बलही लावायचे, असे दोन्ही केले की तीच गोष्ट दोनदा मोजली जाते.

आता पाचरीवर बसूया. पाचर डावीकडे a या त्वरणाने जात आहे असे धरू. ठोकळा समोर स्थिर आहे आणि त्याच्यावर तीन बले आहेत. पृथ्वीचे ओढणे सरळ खाली, २ किलोला १९.६ न्यूटन. छद्म बल आडवे, उजवीकडे, २ गुणिले a. आणि उताराने दिलेला आधार, उताराला काटकोनात. उतार गुळगुळीत आहे, त्यामुळे तो फक्त काटकोनातच रेटू शकतो, उताराच्या दिशेने वर किंवा खाली त्याला जोर लावता येत नाही.

म्हणून आपण फक्त उताराच्या दिशेने पाहू. त्या दिशेला आधाराचा वाटा शून्य आहे, तेव्हा तिथे उरलेल्या दोन बलांची झुंज आहे. पृथ्वीच्या ओढीचा किती भाग उतारावरून खाली खेचतो? पन्नास सेंटिमीटर उतारावर तीस सेंटिमीटर उंची कमी होते, म्हणून तीनपंचमांश भाग. छद्म बल आडवे आहे आणि पन्नास सेंटिमीटर उतारात आडवे अंतर चाळीस सेंटिमीटर आहे, म्हणून त्याचा चारपंचमांश भाग उतारावरून वर रेटतो. इथेच सुरुवातीचा पेच सुटतो. उजवीकडे उतार वर चढत जातो, आणि छद्म बलही उजवीकडेच आहे, तेव्हा ते ठोकळ्याला चढावर लोटते.

ठोकळा स्थिर राहायचा तर दोन्ही भाग सारखे हवेत. वस्तुमान दोन्हीकडे आहे, ते कटते. उरते ते असे: a चा चारपंचमांश म्हणजे ९.८ चा तीनपंचमांश. म्हणून

a = ९.८ × ३/४ = ७.३५ मी/से²

तीन आणि चार हे पाचरीची उंची आणि पाया यांचेच आकडे आहेत. tan θ म्हणतात ते हेच गुणोत्तर, उंची भागिले पाया. लागणारे त्वरण ठोकळ्याच्या वजनावर अजिबात अवलंबून नाही, फक्त पाचरीच्या आकारावर आहे. २ किलोच्या जागी २०० ग्रॅमचा ठोकळा ठेवला तरी त्वरण ७.३५ च हवे.

जोर मात्र बदलतो, कारण हाताला पाचर आणि ठोकळा दोघांनाही वेग द्यायचा असतो. दोघे मिळून ८ किलो आणि दोघे एकत्र जात आहेत, म्हणून ८ × ७.३५ = ५८.८ न्यूटन. वजनाच्या भाषेत सांगायचे तर ६ किलोचे ओझे उचलून धरायला लागतो तेवढा जोर, फक्त आडवा. ८ किलोचे तीनचतुर्थांश म्हणजे ६ किलो, इतका हा हिशेब सरळ आहे.

इथे एक चूक वारंवार होते. हात पाचरीला लागला आहे म्हणून केवळ पाचरीचे ६ किलो धरायचे आणि ६ × ७.३५ म्हणजे ४४.१ न्यूटन असे उत्तर लिहायचे. एवढ्याच जोराने रेटले तर काय होईल हे गणिताने सांगता येते. ठोकळा उतारावर दाबत असतो आणि त्या दाबाचा आडवा भाग पाचरीला मागे रेटत असतो, त्यामुळे पाचरीला ७.३५ ऐवजी सुमारे ५.१६ चेच त्वरण मिळते. मग ठोकळा उतारावरून १.७५ मी/से² त्वरणाने घसरू लागतो आणि मध्यापासून तळाशी यायला त्याला जेमतेम अर्धा सेकंद लागतो.

उत्तर बरोबर आहे की नाही हे पडताळायला आता जमिनीवरच्या माणसाची वही उघडू. तिच्यात छद्म बल नाही. ठोकळ्यावर दोनच बले आहेत, पृथ्वीची ओढ खाली आणि उताराचा आधार. हा आधार उताराला काटकोनात, म्हणजे तिरका, वर आणि डावीकडे आहे. ठोकळा वर जात नाही की खाली येत नाही, म्हणून आधाराच्या उभ्या भागाने पूर्ण १९.६ न्यूटन तोलले पाहिजेत. उभा भाग आधाराच्या चारपंचमांश असतो. मग पूर्ण आधार २४.५ न्यूटन येतो. त्याचा उरलेला तीनपंचमांश भाग, १४.७ न्यूटन, डावीकडे आहे आणि त्याला अडवणारे काहीच नाही. २ किलोला १४.७ न्यूटन म्हणजे ७.३५ चे त्वरण. पाचरीचाही ताळा पाहा. हात ५८.८ न्यूटन डावीकडे लावतो, ठोकळ्याच्या दाबाचे १४.७ न्यूटन उजवीकडे, उरले ४४.१. त्याला ६ ने भागले की पुन्हा ७.३५. दोन्ही वह्या जुळल्या.

या आधाराच्या आकड्यातच विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा अपघात होतो. उतारावर ठेवलेल्या वस्तूला उताराचा आधार mg cos θ एवढा असतो, हे इतके घोटवून घेतलेले असते की ते सगळीकडे लावले जाते. आपल्या ठोकळ्यासाठी तो आकडा १५.६८ न्यूटन येतो. पण हे सूत्र उतार स्वतः स्थिर असतानाचे आहे. चुकीचा आकडा ओळखायचा एक सोपा मार्ग म्हणजे त्याचा उभा भाग काढून पाहणे. १५.६८ चा चारपंचमांश साडेबारा न्यूटनच्या आसपास येतो आणि ठोकळ्याचे वजन तर १९.६ आहे. म्हणजे एवढ्या आधारावर ठोकळा त्या उंचीला राहूच शकत नाही. पाचर रेटली जात असताना उतार ठोकळ्यावर चाल करून येत असतो, म्हणून त्याला जास्त दाबतो. पाचरीवरच्या माणसाच्या भाषेत, पृथ्वीच्या ओढीतून १५.६८ आणि छद्म बलातून ८.८२, असे दोन भाग ठोकळ्याला उतारावर दाबतात. बेरीज २४.५.

एकाच ठोकळ्याचे तीन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पाचर मोकळी सोडली तर आधार १४ न्यूटन, धरून ठेवली तर १५.६८ आणि नेमक्या जोराने रेटली तर २४.५. उतारावरच्या आधाराला स्वतःचा असा ठरलेला आकडा नसतो. ठोकळा उताराच्या आत घुसू नये आणि दोघे जेवढे एकत्र जात आहेत तेवढेच जावेत, याला जितका लागेल तितका तो असतो.

आता या २४.५ कडे नीट पाहिले तर या प्रश्नाचा खरा अर्थ हाती येतो. पाचरीवर बसलेल्या माणसासाठी पृथ्वीची ओढ आणि छद्म बल यांत फरक करायला काही साधन नाही. दोन्ही वस्तुमानाच्या प्रमाणात आहेत, दोन्ही प्रत्येक वस्तूवर सारखे चालतात. दोन्ही एकत्र केली तर एकच तिरकी ओढ मिळते. खाली ९.८ आणि उजवीकडे ७.३५, यांची बेरीज १२.२५ येते आणि तिची दिशा आपल्या पाचरीच्या उताराला बरोबर काटकोनात असते. ज्या दिशेला ओळंबा लोंबतो तीच ‘खाली’ची दिशा असे आपण नेहमी मानतो. पाचरीवर ओळंबा टांगला तर तो उताराला काटकोनात लोंबेल. म्हणजे पाचरीवरच्या जगात उतार हाच सपाट आहे आणि ठोकळा टेबलावर ठेवल्यासारखा त्याच्यावर बसला आहे. सपाट पृष्ठभागावर वस्तू घसरत नाही, मग तो कितीही गुळगुळीत असो. नेमका रेटा म्हणजे उताराला सपाट करणारा रेटा.

हे एकदा उमगले की बाकीच्या गोष्टी आपोआप सुटतात. उतारावर ठोकळ्याऐवजी पाण्याचे ताट ठेवले तर पाण्याची पातळी उताराला समांतर होईल आणि थेंबही सांडणार नाही. उंच, अरुंद ठोकळा ठेवला तरी तो कलंडणार नाही, कारण त्या जगातली ‘खाली’ची दिशा त्याच्या तळातून सरळ जाते. ठोकळ्याच्या जागी मोबाईल ठेवला आणि त्याच्यातला त्वरणमापक चालू केला तर स्क्रीनला काटकोनात १२.२५ दाखवेल. टेबलावर निवांत पडलेला मोबाईल ९.८ दाखवतो. आणि धरून ठेवलेल्या पाचरीवरून घसरणारा मोबाईल ७.८४ दाखवतो. तिन्ही वेळा स्क्रीनच्या लांबीच्या दिशेने आकडा शून्यच असतो, कारण गुळगुळीत उताराला त्या दिशेने जोर लावताच येत नाही. केवळ मोबाईलकडे पाहणाऱ्याला आपण तिरक्या उतारावर आहोत की सपाट टेबलावर, हे कळणार नाही. त्याला इतकेच कळेल की आपले वजन सव्वा पट झाले आहे.

मात्र हा समतोल नाजूक आहे. वाटीत ठेवलेली गोटी थोडी सरकवली तरी तळाशी परत येते, तसे इथे काही नाही. ठोकळा उताराच्या कोणत्याही ठिकाणी सारखाच राजी असतो. नेमक्या रेट्यात त्याला हलकेच टिचकी मारली तर तो परतही येणार नाही आणि थांबणारही नाही, त्याच वेगाने उतारावर सरकत राहील. जोर थोडा कमी पडला तर तो हळूहळू खाली येऊ लागतो, थोडा जास्त झाला तर वर चढू लागतो. ५८.८ ऐवजी ५८ न्यूटन लावले, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी चूक झाली, तरी उताराच्या मध्यावरून ठोकळा सुमारे २.३ सेकंदांत तळाला पोचतो. तेवढ्या वेळात पाचर १९ मीटर पुढे गेलेली असते. अचूक जोर लावत राहिले तरी अडचण संपत नाही. दोन सेकंदांत पाचरीचा वेग तासाला ५३ किलोमीटर होतो. एवढ्या वेगाने धावत हात पाचरीवर टेकवून ठेवणे माणसाच्या आवाक्यातले नाही. हा प्रयोग कागदावरच पूर्ण होतो.

खऱ्या लाकडी पाचरीवर घर्षण असते आणि ते इथे मदतीला येते. ठोकळा आणि उतार यांच्यातला घर्षणांक ०.२ धरला तर एका नेमक्या त्वरणाऐवजी सुमारे ४.७ पासून १०.९५ पर्यंतचा रुंद पट्टा मिळतो. या पट्ट्याच्या खालच्या टोकाला ठोकळा घसरायच्या बेतात असतो आणि घर्षण त्याला वर धरते. वरच्या टोकाला तो चढायच्या बेतात असतो आणि घर्षण खाली धरते. मधे कुठेतरी ७.३५ आहे, तिथे घर्षणाला काहीच काम उरत नाही. त्यामुळे खऱ्या पाचरीवर ठोकळा थांबलेला पाहून रेटा नेमका आहे असे म्हणता येत नाही. तो नेमका आहे याची खूण पाण्याची पातळी किंवा ओळंबाच देऊ शकतो. उतार जितका उभा, तितके त्वरण अधिक लागते. उंची आणि पाया सारखे असले, म्हणजे उतार ४५ अंशांचा असला, तर ९.८ लागते. ६० अंशांना १७ च्या आसपास. आणि अगदी उभ्या गुळगुळीत भिंतीला कितीही जोराने रेटले तरी ठोकळा तिच्यावर थांबणार नाही, कारण तिथे आधाराला उभा भागच उरत नाही.

कागदाबाहेर हे गणित रोज वापरले जाते ते रेल्वेच्या वळणांवर. वळणावर गाडीचा वेग सारखा असला तरी तिची दिशा बदलत असते, म्हणून तिला वळणाच्या केंद्राकडे त्वरण असते: वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा उंच बसवतात. रेल्वेत या उंचीला कँट म्हणतात. बाहेरची बाजू उंच, आतली खाली, आणि त्वरण आतल्या, खालच्या बाजूकडे. ही आपलीच पाचर आहे, फक्त उतार फार सौम्य आहे आणि तिला रेटणारा हात म्हणजे रुळांची वळणदार वाट. म्हणून अट तीच: त्वरण म्हणजे ९.८ गुणिले उंची भागिले पाया. पाया म्हणजे दोन रुळांच्या मध्यांतले अंतर, आपल्याकडच्या ब्रॉडगेजवर ते १७५० मिलिमीटर धरतात.

रेल्वेचे इंजिनिअर हे सूत्र असे लिहितात: कँट = G V² / 127 R. त्यात G म्हणजे हे १७५० मिलिमीटर, V हा तासाला किलोमीटरमधला वेग आणि R म्हणजे मीटरमधली त्रिज्या. त्यातला १२७ हा आकडा पहिल्यांदा पाहणाऱ्याला गूढ वाटतो. ९.८ ला ३.६ च्या वर्गाने गुणा, १२७ येतात. ३.६ ने किलोमीटर प्रति तासाचे मीटर प्रति सेकंद होतात आणि ९.८ ही पृथ्वीची ओढ. १००० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीसाठी कँट सुमारे १३८ मिलिमीटर येतो. तेवढा दिला तर डब्यातल्या प्रवाशाला बाजूला ओढ जाणवणार नाही आणि टेबलावरच्या चहाची पातळी कपाच्या काठाला समांतर राहील.

पण त्याच रुळावरून ताशी ५० किलोमीटरने मालगाडी गेली तर तिला चौपट कमी, ३४ मिलिमीटरचाच कँट लागतो. तिच्यासाठी उरलेले शंभरावर मिलिमीटर म्हणजे अपुऱ्या रेट्याची पाचर. तिचा भार आतल्या रुळावर जास्त पडतो आणि तो रूळ लवकर झिजतो. गाडी वळणावर थांबलीच तर रेटा शून्य होतो आणि उभ्या प्रवाशाला आतल्या बाजूला कललेली जमीन जाणवते. याच कारणाने ब्रॉडगेजच्या मुख्य मार्गांवर कँटला १६५ मिलिमीटरची कमाल मर्यादा आहे. कँट सर्वांत वेगवान गाडीला पूर्ण पुरेल एवढा देत नाहीत, वेगवान आणि संथ गाड्यांच्या मधला एक समतोल वेग धरून देतात. त्या वेगाला जाणारी गाडी वळणावर सपाट जमिनीवर असल्यासारखी जाते. तिच्याहून वेगवान गाडी बाहेरच्या रुळावर थोडी झुकते, संथ गाडी आतल्या रुळावर. पाचरीला ५८.८ न्यूटनपेक्षा जास्त किंवा कमी रेटल्यावर ठोकळा वर चढतो किंवा खाली येतो, तो हाच फरक. रुळांवर त्याला चाकांच्या कडा अडवतात, गुळगुळीत उतारावर अडवायला काही नसते.